पाकिटातली अळी आणि पाकिटावरचा नंबर

उदाहरणासाठी भाजलेल्या शेवयांचं एक पाकीट घेऊ. पारदर्शक प्लॅस्टिकचं, अर्ध्या किलोच्या आतलं, वर कंपनीचं रंगीत चित्र. २ जुलैला नाक्यावरच्या दुकानातून आणलं आणि ९ जुलैला खिरीसाठी फोडलं. मूठभर शेवया हातात घेतल्या तर काही शेवया एकमेकींना चिकटून आल्या, मधे बारीक रेशमी तंतू होता. पाकीट उजेडात धरल्यावर तळाशी एक पांढुरकी अळी दिसली. तपकिरी डोकं, लांबी सेंटिमीटरभर, आणि वळवळणारी.

यानंतर बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. पाकीट थेट कचऱ्याच्या डब्यात जातं, नाहीतर दुकानात परत जातं. "काका, हे बघा काय निघालं!" "द्या ताई इकडे, दुसरं न्या." पाकीट बदलून मिळतं, दुकानदार ते परतीच्या खोक्यात टाकतो आणि पुढे वितरकाचा माणस मुदत संपलेल्या मालाबरोबर ते घेऊन जातो. दुकानदार काही वाईट वागला नाही. पण त्या पाकिटातून जे कळू शकलं असतं ते सगळं तिथेच संपलं. त्याच खेपेतली आणखी शेकडो पाकिटं कुठल्या कुठल्या घरांत गेली असतील, त्यांच्याबद्दल आता कुणालाच काही कळणार नाही.

तक्रार तडीस न्यायची तर आपल्याला वाटतं, अळी दाखवली की काम झालं. तसं होत नाही. अळी होती हे कुणी नाकारत नाही. वाद होतो तो ती आत कधी गेली यावर. कारखान्यात, वितरकाच्या गोदामात, दुकानाच्या फळीवर, की आपल्याच स्वयंपाकघरात? याचं उत्तर अळीपेक्षा पाकीट जास्त देतं. म्हणून पाकीट फोडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं फार मोलाची असतात.

त्या दहा मिनिटांत आधी हात थांबवायचा. अळी चिमट्याने बाहेर काढायची नाही, शेवया ताटात ओतायच्या नाहीत. आहे त्या जागी, पाकिटातच, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढायचा. मग पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे, वरच्या-खालच्या चिकटपट्ट्यांचे, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे छापलेल्या मजकुराचे फोटो घ्यायचे. बॅच क्रमांक आणि तारीख पाकिटाच्या बाकी चित्राबरोबर छापलेली नसते. माल भरताना यंत्र ती शाईच्या बारीक थेंबांनी वर मारतं. तुपाच्या हाताने, ओल्या फडक्याने किंवा सॅनिटायझरने ती शाई सहज पुसते. पुष्कळ तक्रारी इथेच लंगड्या पडतात: फोटोत अळी झकास दिसते आणि नंबराच्या जागी निळा डाग असतो. कात्रीने वरची पट्टी कापताना नंबर अर्धा कापला गेला असेल तर ती कापलेली पट्टीसुद्धा कचऱ्यातून काढून ठेवावी.

आता तो नंबर वाचू. आपल्या पाकिटावर समजा असं छापलं आहे: K2018B 14:32. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते, पण घटक साधारण हेच. पहिलं अक्षर कारखान्याचं असतं. एकाच नावाचा माल दोन-तीन ठिकाणी, अनेकदा दुसऱ्याच्याच कारखान्यात तयार होतो. मग पाकिटावर बारीक अक्षरात दोन-तीन पत्ते असतात आणि 'उत्पादनाच्या पत्त्यासाठी बॅच क्रमांकाचे पहिले अक्षर पाहा' अशी सूचना असते. त्यापुढचा २ म्हणजे यंत्राची दुसरी ओळ. ०१८ म्हणजे वर्षातला अठरावा दिवस, अर्थात १८ जानेवारी. बी म्हणजे दुपारची पाळी, आणि १४:३२ ही पाकीट बंद झाल्याची वेळ. एवढं कळलं की कारखान्यात जाऊन नेमके प्रश्न विचारता येतात. त्या दिवशी रवा कुठल्या गिरणीचा होता, चाळणी केव्हा तपासली, भाजण्याच्या भट्टीचं तापमान किती नोंदवलं, आणि त्या बॅचची राखून ठेवलेली पाकिटं कुठे आहेत. चांगला उत्पादक प्रत्येक बॅचची थोडी पाकिटं मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवतो. ती फोडून पाहिली की अर्धं उत्तर मिळतं.

नंबराबरोबर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही टिपून ठेवावा. त्याचा पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. तिथे दोन शून्यं असली तर परवाना केंद्राचा. एका पाकिटावर दोन क्रमांक दिसले तर गोंधळू नये. एक विकणाऱ्याचा असतो, एक बनवणाऱ्याचा. तक्रारीत दोन्ही द्यावेत.

असा माग किती लांब जाऊ शकतो हे जून २०२४ मध्ये मुंबईने पाहिलं. मालाडच्या एका डॉक्टरांनी ऑनलाइन मागवलेल्या आईस्क्रीमच्या कोनात माणसाच्या बोटाचा, नखासकट, सुमारे दोन सेंटिमीटरचा तुकडा निघाला. त्यांनी तो बर्फात ठेवून पोलिसांकडे नेला. ज्या नावाने ते आईस्क्रीम विकलं जात होतं त्या कंपनीसाठी ते प्रत्यक्षात पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरच्या कारखान्यात तयार होत होतं. तपास तिथे पोहोचला तेव्हा कळलं की मे महिन्यात एका कामगाराचं बोट यंत्रात कापलं गेलं होतं. त्याचा डीएनए आणि तुकड्याचा डीएनए जुळला. कारखान्याचा परवाना निलंबित झाला. या प्रकरणातली किळस सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की तक्रारदाराने तुकडा थंड ठेवला आणि माल कुठे बनला हे शोधता आलं. तुकडा फेकून दिला असता किंवा खोलीच्या उष्णतेत दोन दिवस राहिला असता, तर गोष्ट इतकी पक्की झाली नसती. आणि त्या कामगाराच्या जखमेची दखल कारखान्याबाहेर कुणी घेतली असती की नाही, कोण जाणे.

बोट कुणाचं हे डीएनए सांगतो. अळी कधी आत गेली हे सांगायला तिचं आयुष्य मोजावं लागतं.

शेवयांमधली ती अळी बहुधा धान्यावरच्या पतंगाची. रवा, सुका मेवा, शेवया, लाह्या अशा कोरड्या मालात ही फार आढळते. रव्याला जाळी धरली असं आपण म्हणतो ती हिचीच करामत. अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून पतंग, हा फेरा तिशीच्या आसपासच्या तापमानात साधारण महिन्याभरात पुरा होतो. थंडीत त्याला खूप जास्त वेळ लागतो. आता पाकिटावरची तारीख आठवा: १८ जानेवारी. फोडलं ९ जुलैला. मधे साडेपाच महिने गेले आणि त्यात सगळा उन्हाळा आला. जानेवारीत आत राहिलेल्या अंड्याची अळी जुलैपर्यंत अळीच राहील हे अशक्यप्राय आहे. ती कधीच पतंग होऊन गेली असती आणि तिच्या पुढच्या पिढ्या आत नांदल्या असत्या. तसं असेल तर पाकिटात मेलेले पतंग, रिकामे कोष, अळ्यांनी टाकलेल्या काती, भरपूर जाळी आणि भुशासारखी विष्ठा सापडेल. उलट एकच अळी, थोडं जाळं आणि बाकी शेवया स्वच्छ असतील, तर ती गेल्या काही आठवड्यांत आत आली असं मानायला आधार आहे. म्हणजे कारखान्यापेक्षा गोदामाकडे आणि दुकानाकडे बोट जातं.

हे ठरवायला सगळा ऐवज हवा: अळी, शेवया, तळाचा भुसा, काती, पाकीट. नुसती अळी बाटलीत भरून नेली तर तपासणाऱ्याच्या हाती फार थोडं लागतं.

दुसरी साक्ष पाकिटाच्या प्लॅस्टिकची. किड्यांचे दोन प्रकार. काही स्वतः भोक पाडतात, काही आधीच असलेल्या फटीतून शिरतात. आपण ज्यांना सरसकट पोरकिडे म्हणतो त्यातले पिठातले लालसर किडे बहुतेक दुसऱ्या प्रकारचे; त्यांना चिकटपट्टीतली सुरकुती किंवा टाचणीएवढं छिद्र पुरतं. पतंगाची अळी आणि धान्य पोखरणारे काही किडे मात्र प्लॅस्टिक कुरतडून जातात. कुरतडलेल्या भोकाकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की ते कुठल्या बाजूने सुरू झालं हे बऱ्याचदा समजतं. ज्या बाजूने किडा कामाला लागला त्या बाजूला ओरखडे दिसतात आणि भोक तिकडे रुंद असतं. आतून बाहेर भोक पडलं असेल तर किडा आतच वाढला, बाहेरून आत असेल तर तो नंतर आला. म्हणून पाकीट चुरगाळू नये, उलटं करून झटकू नये, भोकाभोवती चिकटपट्टी लावू नये. आणि जिवंत अळी पाकिटात तशीच चार दिवस बाहेर ठेवली तर ती नवं भोक पाडून मोकळी होईल, मग जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे सांगणं कठीण.

तिसरी चाचणी मला सगळ्यांत सुंदर वाटते. शेवया भट्टीत भाजलेल्या आहेत. किडा पिठातच असेल आणि भाजला गेला असेल, तर त्याच्या शरीरातली विकरं, म्हणजे जैविक प्रक्रिया घडवणारी प्रथिनं, उष्णतेने निकामी झालेली असतात. त्यातलं एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की बुडबुडे सोडतं. प्रयोगशाळेत किडा चिरडून त्यावर पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. बुडबुडे आले तर हा किडा भट्टीतून गेलेला नाही, तो नंतर आला. आले नाहीत तर तो भाजला गेला असण्याची शक्यता आहे. 'शक्यता' हा शब्द इथे जपून वापरला आहे. किडा मरून बरेच आठवडे झाले असतील तर न भाजताही विकर संपून जातं. उलट त्यावर बुरशी आली तर बुरशीचंच विकर बुडबुडे काढतं आणि भाजलेला किडा न भाजलेला वाटतो. म्हणून जाणकार विश्लेषक या एका चाचणीवर निकाल देत नाही. दुसऱ्या विकराची चाचणी, किड्याची अवस्था, भोक आणि तारखा यांच्याशी ताडून मगच बोलतो. आपल्या पाकिटातली अळी जिवंतच होती, त्यामुळे ती भट्टीतून आली नाही हे उघड आहे. पण शेजारी एखादा मेलेला किडा निघाला तर ही चाचणी लागू पडते.

यावरून नमुना कसा ठेवायचा हेही कळतं. उष्णता नको, कारण ती विकर मारते. स्पिरिट, फिनाईल, सॅनिटायझर नको. ओल नको, कारण तिने बुरशी येते. थंडीने किडा मरतो पण विकर टिकतं, म्हणून फ्रीजरसारखी जागा नाही. अख्खं पाकीट, उघडलं तसंच, तोंड सैलसर दुमडून एका स्वच्छ झिपच्या पिशवीत घालावं, ती दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्हींतली हवा काढून फ्रीजरमध्ये ठेवावं. वर कागदाची चिठ्ठी: काय, केव्हा फोडलं, कुणी फोडलं, किती वाजता ठेवलं. बाहेर काढताना पिशवी लगेच उघडू नये, ती खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडावी, नाहीतर पाणी सुटतं. दूध, दही, पनीर असा ओला माल असेल तर तो गोठवू नये, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात थंड ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोहोचवावा. आईस्क्रीम गोठलेलंच राहायला हवं.

काच, धातू, प्लॅस्टिकचा तुकडा यांना थंडीची गरज नाही, पण धुवायचं नाही हा नियम त्यांनाही आहे. तुकड्यावर चिकटलेलं अन्न हाच त्याचा तिथला मुक्काम किती दिवसांचा याचा पुरावा असतो. बारीक तारेचा तुकडा निघाला तर लगेच कारखान्याची चाळणी फुटली असं वाटतं. भिंगाखाली तार गोल आहे की चपटी हे पाहिलं की अनेकदा घरचीच गोष्ट निघते. चाळणीची तार सहसा गोल असते आणि भांड्याच्या तारेच्या घासणीची चपटी, फितीसारखी, पीळ पडलेली. डब्यातल्या मासळीत काचेसारखे खडे मिळाले तर ते गरम व्हिनेगरमध्ये टाकून पाहतात. विरघळले तर ती काच नव्हे, मासळीतल्याच क्षारांचे स्फटिक. ही परीक्षा सगळ्या खड्यांवर करू नये, एखाद्या कणावर करावी आणि बाकीचे राखून ठेवावेत.

आता साठवणीकडे येऊ, कारण कंपनीचं पहिलं उत्तर तिथूनच येतं: 'आमच्याकडून माल चांगला निघाला, पुढे नीट ठेवला गेला नाही.' हे उत्तर दर वेळी खोटं असतं असं नाही. पाकिटावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा, उघडल्यावर हवाबंद डब्यात काढा' असं लिहिलेलं असतं आणि आपण उघडं पाकीट रबर लावून गॅसशेजारच्या फळीवर पावसाळाभर ठेवतो. तशा पाकिटात तिसऱ्या आठवड्यात अळी निघाली तर दोष कुणाचा हे कोणतीच प्रयोगशाळा सांगू शकणार नाही. न उघडलेल्या पाकिटाची गोष्ट वेगळी. म्हणून तक्रारीत आणल्याची आणि फोडल्याची तारीख, मधे पाकीट कुठे होतं, आणि शेजारच्या डब्यांत किडे आहेत का, हे खरं खरं लिहावं. आपल्याच रव्याच्या डब्यात जाळी असेल तर तीही लिहावी. लपवलेली गोष्ट घरी तपासायला आलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत दिसते आणि मग आपल्या बाकीच्या म्हणण्यालाही किंमत राहत नाही.

साठवणीच्या वादाचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. दिवाळी तोंडावर होती. अन्न व औषध प्रशासनाने नमुने घेतले. कंपनीचं म्हणणं, किडे दुकानातल्या साठवणीत शिरले. प्रशासनाचं म्हणणं, वेष्टन हवाबंद नसेल तर किडे शिरणारच, आणि वेष्टन ही उत्पादकाची जबाबदारी. त्या वेळी चॉकलेटवर पातळ चांदी आणि वर कागद असे, कडा नुसत्या दुमडलेल्या. जानेवारी २००४ मध्ये कंपनीने नवं वेष्टन आणलं: आत अॅल्युमिनियमची चांदी आणि वर चारही बाजूंनी बंद केलेलं प्लॅस्टिकचं पाकीट. मला हा निकाल न्यायालयातल्या निकालापेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडच्या दुकानात चॉकलेटशेजारी तांदळाची पोती असणार, उन्हाळ्यात पत्र्याखाली माल राहणार, हे माहीत असूनही फक्त युरोपातल्या कपाटांना पुरेल असं वेष्टन वापरायचं आणि दोष दुकानदाराला द्यायचा, हे योग्य नव्हतं.

कायद्यातही ही वाटणी स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये झाला. त्याच्या कलम २७ प्रमाणे उत्पादक त्याच्या मालाला जबाबदार, उत्पादकाच्या सूचना मोडून माल साठवणारा वितरक त्या चुकीला जबाबदार, आणि अस्वच्छ जागी ठेवणारा किंवा मुदतीनंतर विकणारा दुकानदार त्याच्या चुकीला. माल कुणाकडून घेतला हे दुकानदाराला सांगता आलं नाही तर तीही त्याची चूक. म्हणून बिल हवं. नाक्यावरच्या दुकानात बिल मागायला संकोच वाटतो हे खरं, पण ऑनलाइन पैसे दिल्याची मोबाइलवरची नोंदसुद्धा तारीख आणि रक्कम दाखवायला उपयोगी पडते.

त्याच कायद्यातलं कलम २६ बॅच क्रमांकाला खरं बळ देतं. एखाद्या बॅचमधला माल असुरक्षित निघाला तर त्या बॅचचा सगळा माल असुरक्षित आहे असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे तपासणीतून दिसेपर्यंत. आणि किडे, अळ्या लागलेलं अन्न कायद्याच्या व्याख्येतच 'असुरक्षित' आहे. अपायकारक नसलेला दोऱ्याचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा हा त्याहून हलका प्रकार, त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नाला दंडाशिवाय तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

इथे एक अडचण आहे आणि तिची पुष्कळांना कल्पना नसते. आपण फोडलेलं पाकीट हा कायद्याच्या दृष्टीने पक्का नमुना नाही. अन्न सुरक्षा अधिकारी जो नमुना घेतो तो दुकानातून, सीलबंद, दुकानदारासमोर. त्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जपून, आणि चौथा, व्यावसायिकाने मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. कलम ४० ग्राहकालाही फी भरून विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ देतं, पण त्यासाठी माल विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. शेवया घेताना असं कोण सांगतो?

त्यामुळे आपल्या पाकिटाइतकंच दुसरं पाकीट महत्त्वाचं: त्याच दुकानातलं, त्याच बॅचचं, न फोडलेलं. तक्रारीच्या दिवशीच दुकानात जाऊन फळीवर तोच नंबर आहे का पाहावं, असेल तर बिल घेऊन एखादं विकत घ्यावं, आणि अजून किती आहेत ते तक्रारीत लिहावं. अन्न व औषध प्रशासनाची १८००२२२३६५ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, पण फोन केला तरी लेखी अर्ज जिल्ह्याच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. अर्जात बॅच क्रमांक जसाच्या तसा, वेळेसकट उतरवावा. अधिकाऱ्याला त्या बॅचची पाकिटं दुकानात सापडली तर त्याचा नमुना कायद्याच्या चौकटीत बसतो आणि आपलं फोडलेलं पाकीट त्याला पूरक ठरतं. माल संपल्यावर, महिन्याने अर्ज गेला तर अधिकारी नव्या बॅचचा नमुना घेतो, तो चांगला निघतो आणि फाइल बंद होते. ही त्या अधिकाऱ्याची लबाडी नसते, उशिराचा परिणाम असतो.

याच सुमारास कंपनीच्या ग्राहकसेवेचा फोन येतो. बोलणं गोड असतं. "मॅडम, आमचा माणूस येईल, पाकीट त्याच्याकडे द्या, आम्ही तपासून कळवतो." सोबत भेटवस्तूंचं खोकं. कंपनीने तपासणं चुकीचं नाही, उलट तिच्याकडे त्या दिवसाच्या नोंदी असतात आणि प्रामाणिक कंपनीला कारण खरंच शोधायचं असतं. पण एकुलता एक नमुना हातातून देऊ नये. थोड्या शेवया, एखादी कात, फोटो द्यावेत, आणि दिलेल्या वस्तूंची यादी, तारीख, सही घ्यावी. ज्याचे भाग होत नाहीत, उदाहरणार्थ काचेचा एकच तुकडा, तो फक्त दाखवावा. कारण पुढे भरपाईसाठी ग्राहक आयोगात जायचं ठरलं तर तिथे नमुना लागतोच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर जिल्हा आयोग तक्रारदाराकडून नमुना घेतो, स्वतः सील करतो आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवालाला पंचेचाळीस दिवसांची मुदत असते. सील करायला वस्तूच नसेल तर हे कलम निरुपयोगी ठरतं.

दंड आणि भरपाई या दोन वेगळ्या वाटा आहेत हेही लक्षात ठेवायला हवं. प्रशासनाने केलेला दंड सरकारजमा होतो. ग्राहकाला पैसे मिळतात ते मुख्यतः आयोगाकडून, आणि तिथे आजारपण झालं असेल तर डॉक्टरांचे कागद आणि ते अन्न खाल्ल्यानेच झालं हा दुवा मागितला जातो. नुसती अळी पाहून किळस आली, खाल्लं काहीच नाही, तर मोठ्या रकमेची अपेक्षा धरू नये. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, पण फ्रीजरमधला नमुना दोन वर्षं तसाच राहील या भरवशावर थांबू नये. वीज एकदा दिवसभर गेली तरी त्याची अवस्था पालटते.

आपल्या शेवयांच्या पाकिटाचं काय होईल? पाकीट ९ जुलैलाच फ्रीजरमध्ये गेलं, अर्ज १० तारखेला. दुकानात त्याच बॅचची काही पाकिटं आहेत आणि कारखान्यात राखून ठेवलेली आहेत. कारखान्यातली स्वच्छ निघाली, दुकानातल्या एकाला बाहेरून आत गेलेलं भोक सापडलं, आणि आपल्या पाकिटात एकच पिढी दिसली, तर पुढचा प्रश्न वितरकाच्या गोदामाचा: शेवयांची खोकी तिथे एप्रिल ते जून कशाशेजारी होती, भिंतीपासून किती लांब, धुरी केव्हा दिली. कारखान्यातल्या राखीव पाकिटांतही जाळी निघाली तर तपास १८ जानेवारीच्या दुपारच्या पाळीकडे वळतो आणि त्या बॅचची पाकिटं बाजारातून परत मागवावी लागतात. आणि दोन्ही ठिकाणची पाकिटं स्वच्छ, आपल्या पाकिटाला भोक नाही, फक्त वरच्या चिकटपट्टीत सुरकुतीएवढी फट असं निघालं, तर त्या दिवशी दुसऱ्या ओळीच्या यंत्राचा जबडा नीट तापत होता का, हे १४:३२ च्या आगेमागे बंद झालेल्या पाकिटांवरून पाहावं लागेल.